भांडण नाही, पण मैत्री विझत आलीये: निरोपाचा मेसेज कसा लिहावा

सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत आम्ही तिघी कॉट बेसिसवर राहायचो. २००९ ते २०१२. खिडकीकडच्या कॉटवालीला मी ‘म्हातारे’ म्हणायचे, कारण रात्री साडेनऊला ती शाल डोक्यावरून घेऊन झोपायची आणि आम्हाला दिवा बंद करायला लावायची. पुढे ती लग्न होऊन नागपूरला गेली, मी ठाण्याला आले. आधी रोज फोन, मग रविवारचा, मग महिन्यातून एकदा, मग फक्त वाढदिवसाला. २०२३ च्या मे महिन्यात एकदा आमचं चॅट वर सरकवत गेले, तर दिसलं की दीड वर्षातला तिचा जवळजवळ प्रत्येक मेसेज ‘सॉरी गं’ने सुरू झालाय. आणि माझाही.

भांडण काहीच नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, भांडण मिटवता येतं. इथे मिटवायला काही नव्हतंच, फक्त दोघींच्या डोक्यावर एकमेकींचं देणं होतं आणि ते कधी फिटत नव्हतं. शेवटी मी तिला निरोपाचा मेसेज पाठवला. त्याच्या दोन वर्षं आधी असाच एक मेसेज मी दुसऱ्या एका मित्राला पाठवला होता आणि तो साफ फसला होता. दोन्हींतून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितेय. घाईत असाल तर तिसरी पायरी तेवढी वाचा, खरी गडबड तिथेच होते.

१. मेसेज लागतो का, ते आधी बघा

बहुतेक वेळा लागत नाही. दोन्हीकडून फोन थांबलेत, कुणी कुणाची वाट बघत नाही, रस्त्यात दिसलात तर हसून बोलाल, अशी मैत्री आपापली निवलेली असते. तिला मेसेज पाठवणं म्हणजे झोपलेल्या माणसाला उठवून ‘आता झोपा’ म्हणणं.

मेसेज लागतो तो काहीतरी लटकलेलं असेल तेव्हा. समोरचा माणूस अजून बेत करतोय, आमंत्रण देतोय, माफी मागतोय, आणि तुम्ही ‘बघू, नक्की’ म्हणून टाळताय, अशा वेळी गप्प राहणं म्हणजे त्याला ताटकळत ठेवणं. आमचं लटकलेलं होतं ते डिसेंबरचं. दर वर्षी ‘या डिसेंबरात नक्की भेटायचं’ असं ठरायचं आणि दर नोव्हेंबरला दोघींपैकी एकीचं काहीतरी निघायचं. त्या वर्षी मात्र तिने नवऱ्याला रेल्वेच्या तिकिटांकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं. ते वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मला जायचं नव्हतं, आणि मी ‘वा, मस्त!’ असं लिहून मोकळी झाले होते.

तुमचं नक्की काय आहे ते कळायला एक साधी खूण सांगते. त्या माणसाचं नाव फोनच्या स्क्रीनवर दिसलं की पहिल्या क्षणी काय होतं? आनंद होत असेल तर मेसेज लिहू नका, फोन उचला. तुमची मैत्री संपलेली नाही, फक्त वेळ मिळत नाहीये. राग येत असेल तर काहीतरी बोलायचं राहिलंय, ते आधी बोला. आणि ‘अरे देवा, आता काय बोलायचं’ असा नुसता थकवा येत असेल, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत.

दोन प्रसंगी मात्र थांबा. समोरच्याच्या घरी आजारपण, बाळंतपण, मर्तिक, नोकरी जाणं असं काही चालू असेल तर तो काळ जाऊ द्या. आणि त्या माणसाने तुम्हाला त्रास दिला असेल, धमकावलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तिथे गोड निरोपाची गरज नसते, सरळ ब्लॉक करायचं.

२. लिहायला बसण्याआधी काय काय जवळ हवं

- त्या व्यक्तीच्या तुमच्याकडे राहिलेल्या वस्तू
- पैशांचा हिशोब, अगदी दोनशे रुपयांचाही
- फक्त तुम्हा दोघांनाच माहीत असलेली एक आठवण
- कागद, नाहीतर फोनमधली नोट्सची जागा (चॅटची खिडकी नव्हे, कारण पुढे सांगते)
- मसुदा वाचून दाखवायला एक माणूस, ज्याला टोमणा लगेच कळतो

वस्तू आणि पैसे मेसेजच्या आधी परत गेले पाहिजेत, निदान तीन-चार आठवडे आधी. नंतर पाठवलेली वस्तू ‘घे तुझं सामान’ असं बोलते. मेसेजमध्ये ‘तुझे अडीच हजार मी पाठवतेय’ हे वाक्य आलं की बाकीचे शब्द कितीही मऊ असोत, पावती फाडल्यासारखं वाटतं.

माझ्याकडे तिचा स्टीलचा डबा होता. बुडाला तिच्या आईचं नाव कोरलेला, लग्नात मिळालेल्या भांड्यांवर असतं तसं. २०१६ मध्ये ती ठाण्याला आली होती, तेव्हा त्यातून अनारसे आले होते आणि डबा माझ्याकडेच राहिला होता. आता डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपल्याकडची रीत. मी दोन दिवस विचार करत बसले. निरोप द्यायचाय तिला मी लाडू पाठवू? ढोंग तर होणार नाही ना? मग लक्षात आलं की रिकामा डबा म्हणजे सरळ सरळ राग, आणि राग नव्हता. शेंगदाण्याचे लाडू केले, ते टिकतात, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात स्पीड पोस्टाने पाठवून दिले. सोबत चिठ्ठी दोन ओळींची: ‘तुझ्या आईचा डबा सात वर्षं वापरला. लाडू गुळाचे आहेत.’ एवढंच.

वाचून दाखवायच्या माणसाबद्दल. नवरा, बायको किंवा दोघांचीही ओळख असलेला मित्र नको. ते म्हणणार ‘छान आहे, पाठव’, नाहीतर बाजू घेणार. मी आईला दाखवला. टोमणा ओळखण्यात आईचा हात कोणी धरू शकत नाही. चाळीस वर्षं सासरी काढलेली बाई आहे.

३. मसुद्यातले टोमणे वेचून काढा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ खाते. माझा पहिला मसुदा असा होता:

*‘हाय, बरेच दिवस तुझ्याशी बोलायचं होतं. तू तुझ्या संसारात अडकलीयेस, ते मला कळतं. मी तरी दर वेळी फोन करायचा प्रयत्न केला. पण आता आपल्यात पूर्वीसारखं काहीच राहिलं नाही. असो. तू कायम सुखात राहा, हीच इच्छा. माझ्याकडून काही चुकलं असेल तर माफ कर.’*

लिहून झाल्यावर मला तो अत्यंत समंजस वाटला होता. आईने चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, “एवढी चिडलीयेस कशाला तिच्यावर?”

मराठीत दोष द्यायला शिवी लागत नाही, एखादं अक्षर पुरतं. ‘मी तरी प्रयत्न केला’ यातल्या ‘तरी’चा अर्थ ‘तू केला नाहीस’ असाच होतो. ‘काहीच’मधला ‘च’ दार आपटतो. ‘तू मात्र’, ‘निदान’, ‘एवढं होऊनही’, ‘शेवटी मीच’ ही सगळी याच घराण्यातली. तुमचा मसुदा हातात घ्या आणि आधी हे शब्द शोधून गोल करा. ते काढल्यावर वाक्य उभंच राहत नसेल, तर त्या वाक्याचं काम टोमणा मारणं एवढंच होतं. अख्खं वाक्य काढा.

‘असो’ला तर वेगळी शिक्षा हवी. दिसायला बिचारा, पण मराठी माणूस ‘असो’ लिहितो तेव्हा त्याच्या मागे किमान अर्धा तास बोलण्याइतकं काहीतरी गिळलेलं असतं, आणि वाचणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं. ‘काही हरकत नाही’ आणि ‘तुझं चांगलं चाललंय ना, मग झालं’ हे त्याचेच भाऊबंद.

‘ते मला कळतं’मध्येही गोम आहे. आपण मोठ्या मनाचे आणि समोरची गुन्हेगार, अशी जागावाटणी त्यात आपोआप होते. तिच्या संसाराबद्दल, मुलांबद्दल, नोकरीबद्दल, नव्या मैत्रिणींबद्दल एक शब्दही लिहू नका. तुम्ही कारण सांगायला जाता आणि ते आरोपपत्र होतं.

‘माफ कर’चं आश्चर्य वाटेल, पण तेही काढायचं. तुम्ही माफी मागितली की समोरच्याला ‘अगं नाही, माझंच चुकलं’ म्हणणं भाग पडतं. ज्या सॉरीतून सुटायचंय त्याच सॉरीचा नवा फेरा सुरू होतो. खरोखरच तुमच्या हातून काही ठोस चुकलं असेल, लग्नाला गेला नव्हता, एखादी गोष्ट बाहेर बोलून बसला होता, तर त्याची माफी आधी फोनवर, वेगळी मागा. निरोपात मोघम माफी नको.

राहिलं ‘हाय’. चौदा वर्षं जिला ‘म्हातारे’ म्हटलं तिला ‘हाय’ म्हणणं म्हणजे हाताच्या अंतरावर उभं करणं. नावाने हाक मारायची सवय नसताना पूर्ण नाव लिहिणं, ‘अरे-तुरे’वरून एकदम ‘तुम्ही’वर जाणं, हे त्याच जातीचं. उलट, ज्यांना आयुष्यभर ‘अहो’ म्हटलंत त्यांना शेवटच्या मेसेजमध्ये जवळीक दाखवायला ‘तू’ करू नका. ज्या हाकेने मैत्री झाली, त्याच हाकेने निरोप.

दोष काढून टाकायचा एक नियम मला या खटाटोपातून सापडला: घडलं ते ‘आपलं’, ठरवलं ते ‘माझं’. ‘तू फोन करत नाहीस’ याऐवजी ‘आपलं बोलणं कमी झालं’. कमी झालं, कुणी केलं नाही. मराठी क्रियापद इथे फार उपयोगी पडतं. पण निर्णयाच्या वाक्यात हीच पळवाट काढू नका. ‘आपण आता थांबू या’ असं लिहिलंत तर तुमचा निर्णय तिच्याही गळ्यात मारलात. ‘मी थांबवतेय’ असंच लिहा. ‘असं ठरलं’, ‘असं वाटू लागलं’ हेही नको.

४. चार गोष्टी, त्याच क्रमाने

हाक आणि आठवण. मग काय थांबतंय ते स्पष्ट. मग राग नाही हे एकदाच. मग उत्तराच्या ओझ्यातून सुटका. यापेक्षा जास्त काही लागत नाही, आणि एकूण शंभर शब्दांच्या आत बसतं. फसलेला मेसेज चारशे शब्दांचा होता. एवढं वाचल्यावर माणूस मुद्दे काढून उत्तरं द्यायला बसतो.

आठवण छोटी आणि ठोस घ्या. ‘ते सोनेरी दिवस’ नको. आणि ती सुखाचीच असावी असं नाही, पण जिच्यात एकाने दुसऱ्यावर उपकार केले अशी नको. ‘माझ्या टायफॉइडमध्ये तू रात्रभर जागलीस’ हे लिहून पुढे निरोप घेतलात, तर कृतघ्नपणा तुम्हीच लिहून दिलात.

काय थांबतंय ते सांगताना मोघम राहाल तर सगळं वाया. माझ्या दुसऱ्या मसुद्यात ‘आता जरा कमी करू’ असं होतं. आई म्हणाली, “म्हणजे काय? डिसेंबरात यायचं की नाही?” बरोबर होतं तिचं. जे लटकलंय त्याचं नाव घ्या.

तिसरी अडचण खास आपली. मराठीत घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. निरोप घ्यायचा शब्दच परत येण्याचं वचन देतो. निरोपाच्या मेसेजमध्ये ‘येते’ म्हणजे खोटं आणि ‘जाते’ म्हणजे अपशकुन. मी दोन्ही टाळले आणि आमच्या खोलीतलंच काहीतरी शोधलं. तुमच्याही मैत्रीत रोजचं एखादं निरोपाचं वाक्य असेल: ‘चल, माझी बस आली’, ‘उद्याचा चहा तुझा’. भविष्याचं वचन नसलेलं एखादं शोधा.

शेवटी पाठवलेला मेसेज हा:

*‘म्हातारे,*

*परवा वाऱ्याने छत्री उलटी झाली आणि लक्ष्मी रोडवरची आपली ती एकुलती एक छत्री आठवली. दोघींत एक, आणि दोघी चिंब.*

*दर वर्षी आपलं डिसेंबरात भेटायचं ठरतं आणि मग दोघींना सॉरी म्हणावं लागतं. ते मी आता थांबवतेय. या डिसेंबरचं नको, पुढचंही नको. वाढदिवसाचा फोन, उत्तराला उशीर झाल्याची रुखरुख, हे सगळं मी माझ्याकडून सोडलंय. तूही सोड.*

*राग नाही, काही झालेलंही नाही. आपले दिवस वेगळे झाले. त्या खोलीतली तीन वर्षं माझ्याकडे आहेत तशीच आहेत.*

*याला उत्तर द्यायलाच हवं असं नाही. झोप आता. दिवा मी बंद करते.’*

यात एकही प्रश्नचिन्ह नाही, ते मुद्दाम. ‘कशी आहेस?’ विचारलंत की तिला उत्तर देणं आलं. ‘तुला काय वाटतं?’ विचारलंत तर तो निरोप राहत नाही, चर्चा होते.

पाठवण्याआधीची शेवटची परीक्षा: हा मेसेज स्क्रीनशॉट होऊन दोघांच्या जुन्या ग्रुपवर पडला, किंवा तिच्या सासूबाईंनी चुकून वाचला, तर कुणाची मान खाली जाईल का? जात असेल तर अजून काहीतरी काढायचं राहिलंय.

५. पाठवायचा कधी आणि कसा

फसलेल्या मेसेजची गोष्ट इथे सांगते. जुन्या ऑफिसातला मित्र, चार वर्षं एकाच लोकलने जायचो, जागा धरणं, वडापाव, साहेबांच्या नकला, सगळं. नोकरी बदलली आणि लक्षात आलं की आमची मैत्री रुळांवर होती, बाहेर नव्हती. मी त्याच्या वाढदिवशी, रात्री पावणेबाराला, शुभेच्छा आणि निरोप एकाच मेसेजमध्ये पाठवले. घरी पाहुणे होते, केक कापायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोचा फोन: “ताई, काही झालंय का तुमच्यात? हे रात्रभर झोपले नाहीत.” त्या माउलीला काय सांगणार होते मी?

तेव्हा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, दिवाळी, दसरा हे दिवस वर्ज्य. संक्रांतही वर्ज्य, ‘गोड बोला’च्या दिवशी हे वाचणं फारच वाईट. एकतीस डिसेंबरला हिशोब मिटवायची हुक्की अनेकांना येते, तीही दाबा. साधा दिवस निवडा, संध्याकाळी सात ते साडेआठ. वाचून, थोडं फिरून, जेवून झोपायला तिला वेळ राहतो. मी जुलैमधल्या एका बुधवारी पाठवला.

व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर मसुदा चॅटमध्ये टाइप करू नका. समोरची व्यक्ती तेव्हा ऑनलाइन असेल तर तिला ‘टायपिंग’ दिसत राहतं, आणि वीस मिनिटं ते दिसून एकदम थांबलं की माणूस घाबरतो. अर्धवट असताना बोट लागून जाण्याची भीती वेगळीच. नोट्समध्ये लिहा, नाहीतर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय आहे तिथे लिहा, एक रात्र ठेवा, मग कॉपी करून टाका. पाठवल्यावर १५ मिनिटांपर्यंत दुरुस्ती करता येते, पण मेसेज बदलल्याची खूण खाली राहते. खोडून टाकलात तरी ‘मेसेज डिलीट केला’ ही ओळ तिथे उरतेच, आणि त्या ओळीइतकं अस्वस्थ करणारं दुसरं काही नाही. म्हणून पाठवल्यावर हात लावू नका.

व्हॉइस मेसेज नको. आवाज कापरा होतो आणि मग ऐकणारा निरोप सोडून आवाजाचीच काळजी करत बसतो. फोनही नको, फोनवर समोरच्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. इमोजी शक्यतो नको. हात जोडलेला तर नकोच, तो शोकसंदेशाखाली लावतात.

६. उत्तर आलं तर, नाही आलं तर

निळ्या टिका झाल्या आणि काहीच आलं नाही, तर ते उत्तरच आहे. तुम्हीच सूट दिली होती, आता ‘वाचलंस का?’ विचारायचा हक्क तुम्हाला नाही.

‘मी काही चुकले का?’ हे सगळ्यात जास्त वेळा येणारं उत्तर. त्यावर एक ओळ, त्याच दिवशी: ‘नाही. चुकली असतीस तर भांडले असते, तुला माहितेय.’ उदाहरणं देऊ नका, जुनं काढू नका. मागच्या मित्राच्या वेळी मी ‘नाही रे, फक्त त्या वेळी…’ असं सुरू केलं होतं. ‘फक्त त्या वेळी’ने दोन आठवडे खाल्ले.

लगेच फोन आला तर एकदा उचला. न उचलणं क्रूर आहे. दहा मिनिटं बोला, रडू आलं तर येऊ द्या, पण फोन ठेवताना ‘बघू, भेटू कधीतरी’ म्हणू नका. हे वाक्य तोंडातून इतकं आपसूक निघतं की मी ते चिठ्ठीवर लिहून त्यावर काट मारली होती आणि ती चिठ्ठी फ्रिजवर लावली होती. घरातल्यांना वाटलं वाणसामानाची यादी आहे.

आणि समोरून राग आला, चार कठोर वाक्यं आली, तर ती तिची. बाजू मांडू नका. ‘वाचलं. तुला असं वाटणं साहजिक आहे.’ इथे थांबा.

७. नंतरचं

ब्लॉक करू नका. डीपी दिसेनासा झाला की समोरच्याला कळतं आणि विनाभांडणाचा निरोप भांडणाचा होतो. चॅट आर्काइव्ह करा, स्टेटस म्यूट करा. ते कुणाला कळत नाही. सामाईक ग्रुपमधून लगेच बाहेर पडू नका. हल्ली बाहेर पडल्याचं फक्त ॲडमिनला कळतं असं म्हणतात खरं, पण ६० दिवसांपर्यंत गेलेल्या माणसांची यादी ग्रुपमध्ये कुणालाही बघता येते. दोन-तीन महिने गप्प राहा, मग हवं तर निघा.

तिसऱ्या रूममेटने विचारलं, तेव्हा मी एवढंच सांगितलं: ‘आमचं छान आहे, आता फारसं बोलणं नसतं.’ मेसेजचा उल्लेखही केला नाही. तो तिच्या नावाचा होता, तिला दाखवायचा असेल तर ती दाखवेल.

राहता राहिली पत्रिका. घरात लग्नकार्य निघालं तर बोलवायचं का? माझं मत: पत्रिका पाठवायला हरकत नाही, आग्रहाचा फोन नको. दुःखाचं मात्र वेगळं. सुखाला बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि दुःखाला बोलावण्याची वाट बघू नये, ही जुनी रीत निरोपानंतरही लागू आहे. तिच्या घरी तसं काही झालं आणि कानावर आलं, तर जायचं, शेजारी बसायचं, परत यायचं. मेसेजमध्ये याचा उल्लेख नको, ‘गरज लागली तर हाक मार’ ही तर निव्वळ उधारी.

तिचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, रात्री साडेनऊला पाच मिनिटं कमी असताना:

*‘वाचलं. रडले जरा, मग हलकं वाटलं. तिकिटं बघू नका म्हणून ह्यांना सांगितलंय. लाडू छान होते. डब्याचं झाकण दुसरंच आलंय गं. राहू दे.’*

ओट्यावर जाऊन बघितलं. तिचं झाकण आमच्या चहाच्या पावडरच्या डब्यावर होतं. जरा घट्ट बसतं, चमच्याच्या मागच्या टोकाने उघडावं लागतं.